पुन्हा कधी येऊ? : सर्व्हरच्या ४२९ या उत्तराविषयी

एखाद्या मोठ्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात लोकांनी आजवर कोणत्या तक्रारी नोंदवल्या, याचा अभ्यास एका विद्यार्थिनीला करायचा आहे. प्रकल्प गिटहबवर आहे आणि तक्रारी आहेत १२ हजार. हाताने एकेक पान उघडत बसायचं तर महिने जातील, म्हणून ती छोटा प्रोग्राम लिहिते. प्रोग्राम गिटहबच्या एपीआयकडे, म्हणजे प्रोग्रामांनी माहिती मागावी म्हणून ठरवून दिलेल्या मार्गावर, एकापाठोपाठ एक रिक्वेस्ट पाठवतो : पहिली तक्रार द्या, दुसरी द्या, तिसरी द्या. सकाळी दहाला काम सुरू होतं, सेकंदाला साधारण सहा तक्रारी उतरतात. ५ हजारांचा आकडा गाठला की, दहा वाजून चौदा मिनिटांच्या सुमाराला, माहिती यायची थांबते. तिच्या जागी हे उत्तर येतं :

```
HTTP/2 429
date: Wed, 01 Jan 2025 04:44:00 GMT
x-ratelimit-limit: 5000
x-ratelimit-remaining: 0
x-ratelimit-reset: 1735709400
```

पहिल्या ओळीतला ४२९ हा वेबच्या भाषेतला ठरलेला क्रमांक आहे. ‘पान सापडलं नाही’ सांगणारा ४०४ सगळ्यांच्या ओळखीचा, ४२९ हा त्याच घराण्यातला. त्याचा अर्थ : तुमच्याकडून फार रिक्वेस्ट आल्या, जरा थांबा. एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५८५ या दस्तऐवजानं तो प्रमाणित केला. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं हे सांगायची. ट्विटरनं तर ४२० हा आकडा घेऊन त्यापुढे ‘एन्हान्स युअर काम’ असे शब्द जोडले होते.

आता वरच्या उत्तराकडे नीट बघू या, कारण त्यात नकारापेक्षा बरंच जास्त आहे. `x-ratelimit-limit` सांगतं की तुमचा कोटा तासाला ५००० रिक्वेस्टचा. `x-ratelimit-remaining` सांगतं की त्यातली एकही उरलेली नाही. आणि `x-ratelimit-reset` मधला दहा आकडी लांबलचक अंक म्हणजे चक्क वेळ आहे : १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिचच्या घड्याळानं मोजलेले सेकंद. उलगडा केला की निघतं १ जानेवारी २०२५, ग्रिनिचचे पहाटेचे साडेपाच, म्हणजे आपल्याकडचे सकाळचे अकरा. त्याच उत्तरातल्या `date` नुसार सर्व्हरच्या घड्याळात आत्ता ४ वाजून ४४ मिनिटं झाली आहेत, म्हणजे आपले दहा चौदा. दोन्हींतला फरक ४६ मिनिटं. कोटा पुन्हा कधी भरणार, हे सर्व्हरनं सेकंदापर्यंत सांगून टाकलंय.

तरीही पहिल्यांदा लिहिलेले बहुतेक प्रोग्राम हे वाचत नाहीत. त्यांत एवढंच लिहिलेलं असतं : उत्तर बरोबर आलं नाही तर पुन्हा मागा. हा प्रोग्राम त्याच वेगानं मागत राहिला तर ४६ मिनिटांत त्याच्या साडेसोळा हजार रिक्वेस्ट होतात आणि प्रत्येकीला तेच उत्तर मिळतं. हाती काहीच लागत नाही, सर्व्हरला मात्र प्रत्येक वेळी दार उघडून ‘नाही’ म्हणावं लागतं. कोटा संपलेला असताना असं मागत राहिलात तर तुमच्या प्रोग्रामवर बंदी येऊ शकते, अशी स्पष्ट सूचना गिटहबच्या माहितीपत्रात आहे. बंदी उठायची ठरलेली वेळ कुठल्याही हेडरमध्ये लिहिलेली नसते.

गिटहबच्या बाबतीत एक खाचखळगा आधीच सांगायला हवा. कोटा संपल्यावर तिथून ४२९ येईलच असं नाही, ४०३ ही येतो. आणि ४०३ चा नेहमीचा अर्थ ‘तुम्हाला परवानगी नाही’ असा आहे. नवखा माणूस ४०३ बघून टोकन तपासत बसतो, परवानग्या बदलतो, आणि तासाभरानं काम आपोआप सुरू झालं की चक्रावतो. ओळखायची खूण हेडरमध्येच आहे. ४०३ सोबत `x-ratelimit-remaining` शून्य असेल, किंवा `retry-after` नावाचा हेडर असेल, तर प्रश्न परवानगीचा नसून कोट्याचा आहे.

हा `retry-after` हेडर ४२९ पेक्षाही जुना आहे. एचटीटीपीच्या १९९७ मधल्या १.१ या आवृत्तीतही तो होता, मुख्यतः ‘सेवा तात्पुरती बंद’ सांगणाऱ्या ५०३ साठी. पुढे ४२९ ठरवताना त्यासोबतही हा हेडर देता येईल अशी सोय झाली. तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे नुसते सेकंद : `retry-after: 60`. दुसरा म्हणजे पूर्ण तारीख : `retry-after: Wed, 01 Jan 2025 05:30:00 GMT`. पहिला सरळ आहे. दुसऱ्यात भारतात बसून लिहिणाऱ्यांसाठी खास सापळा आहे.

समजा प्रोग्रामनं शेवटचं GMT वगळून ती तारीख वाचली आणि साडेपाच हे आपल्याच घड्याळातले साडेपाच मानले. आपल्याकडे तर सकाळचे दहा चौदा झालेत. म्हणजे प्रोग्रामच्या हिशेबानं थांबायची वेळ पावणेपाच तासांपूर्वीच उलटून गेली. थांबण्याचा काळ उणे निघतो, तो शून्य धरला जातो, आणि लगेच पुढची रिक्वेस्ट सुटते. हेडर वाचला, हिशेबही केला, आणि परिणाम मात्र न वाचल्यासारखाच. हाच प्रोग्राम लंडनमध्ये हिवाळ्यात चालवून पाहिला तर व्यवस्थित चालेल, म्हणून चूक सापडायलाही वेळ लागतो. लॉगमध्ये ‘० सेकंद थांबलो’ अशा ओळी सलग दिसू लागल्या की आधी वेळेचा पट्टा तपासावा.

दुसरी बारीक गोष्ट संगणकाच्या घड्याळाची. आपल्या मशीनचं घड्याळ तीन मिनिटं पुढे असेल तर प्रोग्राम तीन मिनिटं लवकर जाऊन दार ठोठावणार. म्हणून ‘आत्ता किती वाजले’ हे स्वतःच्या मशीनला न विचारता त्याच उत्तरातल्या `date` हेडरवरून घेणं चांगलं. दोन्ही वेळा एकाच घड्याळातल्या असल्या की वजाबाकी चुकत नाही.

गिटहबनं थांबण्याचा क्रम ठरवून दिला आहे. `retry-after` असेल तर तेवढे सेकंद थांबा. तो नसेल आणि उरलेला कोटा शून्य असेल, तर `x-ratelimit-reset` पर्यंत थांबा. दोन्ही नसतील तर किमान एक मिनिट थांबा, आणि तरीही नकार येत राहिला तर प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ वाढवत न्या. पायथॉनमध्ये हे एवढंसंच होतं :

```python
def wait_seconds(resp, attempt):
    h = resp.headers
    extra = random.uniform(1, 5)
    if "retry-after" in h:
        return int(h["retry-after"]) + extra
    if h.get("x-ratelimit-remaining") == "0":
        now = parsedate_to_datetime(h["date"]).timestamp()
        return max(0, int(h["x-ratelimit-reset"]) - now) + extra
    return 60 * 2 ** attempt + extra
```

प्रोग्रामिंग न येणाऱ्यांनीही यातली शेवटची ओळ बघावी. सर्व्हरनं वेळ सांगितलेली नाही तेव्हाच अंदाज करायचा, आणि तो असा : पहिल्यांदा ६० सेकंद, मग १२०, मग २४०. दर वेळी दुप्पट. यालाच एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ म्हणतात. वेळ सांगितलेली असताना हा अंदाज मध्ये आणू नये. ४६ मिनिटं थांबा असं सांगितलेलं असताना एक मिनिट, दोन मिनिटं, चार मिनिटं करत जाणारा प्रोग्राम पाच-सहा वेळा उगाच जाऊन येतो. वर, दुप्पट होत गेलेला काळ अकराच्या बराच पुढे नेऊन ठेवू शकतो. म्हणजे सर्व्हरला त्रास झाला तो झालाच, आपलाही वेळ गेला.

दुपटीनं थांबण्याची ही रीत वेबच्या कितीतरी आधीची आहे. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७६ मध्ये इथरनेटवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी अनेक संगणक एकाच केबलवर जोडलेले असत. दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली की संदेश एकमेकांवर आदळून बिघडत. दोघंही तितकाच वेळ थांबून पुन्हा बोलले तर पुन्हा आदळणार, हे उघड होतं. म्हणून प्रत्येकानं एक यादृच्छिक संख्या काढायची, तेवढा वेळ थांबायचं, आणि पुन्हा टक्कर झाली तर संख्या काढण्याची मर्यादा दुप्पट करायची. पुढे प्रमाण ठरलेल्या इथरनेटमध्ये सोळा प्रयत्नांनंतर नाद सोडायचा, असंही ठरलं. यात तीन गोष्टी आहेत : दुप्पट करा, थोडं नशिबावर सोडा, आणि कधीतरी थांबा. आजच्या प्रोग्रामांत पहिली सर्रास आढळते. दुसरी आणि तिसरी विसरली जाते.

नशिबावर सोडण्याच्या भागाला जिटर म्हणतात. तो का लागतो? शंभर यंत्रं एकाच क्षणी एकाच सर्व्हरकडे गेली आणि सगळ्यांना नकार मिळाला, असं समजा. सगळी एक सेकंद थांबतात आणि सगळी एकदम परत येतात. पुन्हा नकार, सगळी दोन सेकंद थांबतात, पुन्हा सगळी एकदम. थांबण्याचा काळ वाढत गेला, गर्दी मात्र तश्शीच राहिली, फक्त पुढच्या क्षणावर सरकली. ॲमेझॉनच्या क्लाउड विभागातले अभियंते मार्क ब्रुकर यांनी २०१५ मध्ये सिम्युलेशन करून हे आलेखांत दाखवलं : नुसत्या दुपटीनं रिक्वेस्टचे गठ्ठे मोडत नाहीत. त्यांनी मांडलेला उपाय साधा आहे. दुपटीनं येणारा आकडा हा थांबण्याचा काळ न मानता त्याची वरची मर्यादा मानायची, आणि शून्यापासून त्या मर्यादेपर्यंतचा कुठलाही काळ काढायचा. मर्यादा आठ सेकंद असेल तर कुणी दोन सेकंदांनी येईल, कुणी सातांनी. गठ्ठा पांगतो आणि सर्व्हरला श्वास घ्यायला जागा मिळते.

पण सर्व्हरनं स्वतः वेळ सांगितलेली असते तिथे हा उपाय जसाच्या तसा वापरून चालत नाही. ‘६० सेकंदांनी या’ म्हटल्यावर शून्य ते साठमधला काळ काढला तर आपण जवळजवळ हमखास लवकर पोचतो. म्हणून वरच्या कोडमध्ये यादृच्छिक सेकंद सांगितलेल्या वेळेत मिळवले आहेत. इकडे-तिकडे फिरायचं असेल तर उशिराच्या बाजूनं फिरायचं.

ही गर्दी कशी होते याचं आपल्याजवळचं उदाहरण कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेचं. गिटहबला टोकन न देता, म्हणजे आपण कोण हे न सांगता रिक्वेस्ट पाठवली तर कोटा तासाला फक्त ६० असतो, आणि तो माणसागणिक नाही तर आयपी पत्त्यागणिक मोजतात. पुण्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रयोगशाळा घ्या. चाळीस संगणक आहेत, पण बाहेरच्या जगाला ते सगळे एकाच पत्त्यावरून बोलताना दिसतात. प्रत्येक विद्यार्थ्यानं दोनच रिक्वेस्ट पाठवल्या तरी ऐंशी होतात. शेवटी आलेल्या मुलाला पहिल्याच रिक्वेस्टला नकार मिळतो आणि तो सरांना सांगतो, “सर, मी तर आत्ताच पहिल्यांदा रन केलं!” तो खरंच बोलत असतो. आणि सगळ्यांना मिळालेली पुढची वेळ एकच असते, कारण कोटा एकच. अकराला चाळीसही प्रोग्राम एकदम धावतात आणि साठ रिक्वेस्ट काही सेकंदांत संपतात. इथे जिटरनं गर्दी पांगेल, पण वाटायला आहे ते साठच. उपाय म्हणजे प्रत्येकानं स्वतःचं टोकन जोडणं. टोकन जोडलंय असं वाटत असूनही गाडी अडत असेल तर `x-ratelimit-limit` बघावं. तिथे 60 दिसलं तर टोकन सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीये. टोकन पोचलं पण चुकीचं असेल तर ४०१ येतो, तो निराळा आजार.

आता तिसरी गोष्ट, कधीतरी थांबण्याची. वरच्या कोडमध्ये प्रयत्नांना मर्यादा नाही, ती ते बोलावणाऱ्या भागात घालायची असते : पाच वेळा नकार आला की थांबा आणि माणसाला कळवा. इथे एक गोष्ट हटकून निसटते. आपण वापरत असलेली लायब्ररीही अनेकदा स्वतःहून पुन्हा प्रयत्न करते. लायब्ररी प्रत्येक वेळी चार प्रयत्न करत असेल आणि आपल्या लूपमध्ये पाच असतील, तर एका रिक्वेस्टच्या वीस होतात. त्यावर आणखी एखाद्या सेवेनं पाच वेळा प्रयत्न केला तर शंभर. पाच प्रयत्न म्हणणारा कुणीही चुकीचं बोलत नसतो, पण गुणाकार कुणीच केलेला नसतो. म्हणून पुन्हा प्रयत्न करण्याचं काम एकाच थराकडे द्यावं आणि बाकीच्या थरांत ते बंद करावं.

थांबताना प्रोग्रामनं तसं सांगायलाही हवं. ४६ मिनिटं काहीच हालचाल नसलेला प्रोग्राम बघून माणूस तो अडकला समजतो आणि बंद करून पुन्हा चालू करतो. नवा प्रोग्राम पहिल्या तक्रारीपासून सुरुवात करतो, आणि अकरानंतर मिळालेला कोटा आधीच उतरवलेल्या माहितीवर उधळतो. ‘कोटा संपला, अकरापर्यंत थांबतोय, ५००० उतरल्या’ एवढी एक ओळ लॉगमध्ये आली असती तर हे टळलं असतं. शिवाय आलेली प्रत्येक तक्रार लगेच डिस्कवर लिहून ठेवली असती, तर बंद करूनही नुकसान झालं नसतं.

माहिती मागण्याऐवजी लिहिण्याचं काम असेल, म्हणजे प्रोग्राम नवी तक्रार नोंदवत असेल, तर थोडा अधिक विचार लागतो. कोट्यामुळे आलेल्या ४२९ मध्ये रिक्वेस्ट दारातूनच परत पाठवलेली असते, त्यामुळे ती पुन्हा पाठवायला सहसा हरकत नसते. पण उत्तर येण्याआधीच कनेक्शन तुटलं तर नोंद झाली की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं. तीच रिक्वेस्ट डोळे मिटून पुन्हा पाठवली तर तीच तक्रार दोनदा उमटते. म्हणून दोन्ही प्रसंगांना एकाच ‘पुन्हा प्रयत्न करा’च्या लूपमध्ये कोंबू नये. दुसऱ्यात आधी यादी मागवून नोंद झाली आहे का ते बघावं.

आता विद्यार्थिनीच्या १२ हजार तक्रारींकडे येऊ. तिच्या प्रोग्रामनं हेडर नीट वाचले तर हिशेब असा : पहिल्या ५००० दहा ते दहा चौदा, मग अकरापर्यंत विश्रांती. पुढच्या ५००० अकरा चौदापर्यंत, मग बारापर्यंत विश्रांती. उरलेल्या २००० ना साडेपाच मिनिटं. बारा वाजून सहा मिनिटांनी काम पूर्ण, एकही रिक्वेस्ट वाया नाही. वेग वाढवायला दहा-वीस रिक्वेस्ट एकदम सोडल्या तर फायदा होत नाही. कोटा चौदाऐवजी दोन मिनिटांत संपतो आणि अकरा काही लवकर वाजत नाहीत. उलट गिटहबची दुसरी, मिनिटागणिक मोजणारी मर्यादा आड येते आणि तिथे `retry-after` चं वेगळं प्रकरण सुरू होतं. म्हणूनच रिक्वेस्ट एकामागून एक पाठवा असं गिटहबचंही सांगणं आहे.

पण एकेक तक्रार मागायची गरजच काय? गिटहबच्या एपीआयमध्ये तक्रारींची यादी मागता येते आणि यादीत प्रत्येक तक्रारीचा मजकूरही येतो. काही न सांगता मागितली तर एका पानावर ३० तक्रारी येतात, `per_page=100` लिहिलं तर १००. बारा हजारांना १२० पानं, म्हणजे १२० रिक्वेस्ट. पान क्रमांक स्वतः बनवत बसू नये, प्रत्येक उत्तराच्या `link` हेडरमध्ये पुढच्या पानाचा पत्ता दिलेला असतो, तोच धरून पुढे जावं. यादीची पानं जड असल्यामुळे एकेकाला दोन-तीन सेकंद लागले तरी सगळं काम पाच-सहा मिनिटांत उरकतं, आणि कोट्यातल्या ४८८० रिक्वेस्ट तशाच शिल्लक राहतात.

दुसऱ्या दिवशी तिला फक्त नव्या आणि बदललेल्या तक्रारी हव्या आहेत. त्यासाठी `since` मध्ये कालची वेळ द्यायची, ग्रिनिचच्या घड्याळानं. कालपासून चाळीस तक्रारींत बदल झाला असेल तर त्या एका पानात येतात. आणि आधी मागितलेलं एखादं पान बदललंय का एवढंच बघायचं असेल, तर त्या वेळच्या उत्तरातला `etag` जपून ठेवून तो `if-none-match` मध्ये परत पाठवायचा. पान तेच असेल तर गिटहब ३०४ एवढंच उत्तर देतं, मजकूर पाठवत नाही, आणि टोकन जोडलेलं असेल तर ती रिक्वेस्ट कोट्यात धरतही नाही.